लग्नाच्या फोटोंत काय दुरुस्त करून देईन आणि कशाचे पैसे घेईन

यंदाच्या लग्नसराईत फोटोग्राफर ठरवणाऱ्या वधू-वरांना आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींना,



तुळशीची लग्नं लागली की कार्यालय आणि केटररच्या पाठोपाठ फोटोग्राफरशी बोलणी सुरू होतात. दिवस किती, कॅमेरे किती, अल्बम किती पानांचा, ड्रोन आहे का, हे सगळं नीट विचारलं जातं. ‘एडिटिंग धरूनच ना?’ हा प्रश्न मात्र उठता उठता येतो आणि ‘हो, धरूनच’ एवढ्यावर मिटतो. वाद होतात ते नेमके इथून, आणि तेही लग्नानंतर दीड-दोन महिन्यांनी, फोटो हातात आल्यावर. फोटोग्राफरने उजेड आणि रंग नीट केलेले असतात. घरच्यांना मामांचे मिटलेले डोळे, नवरदेवामागचा लाल अग्निशामक सिलिंडर आणि नवरीच्या गळ्यावरची हळद दिसत असते. दोघांनाही आपापल्या जागी फसवल्यासारखं वाटतं. म्हणून ठरलेल्या पैशांत काय येतं, कशाला वेगळे पैसे पडतात आणि पैसे दिले तरी काय मी परस्पर करणार नाही, हे आधीच लिहितो आहे, कारणांसह.

आमच्या धंद्यात बरेच जण ‘किरकोळ काम फुकट, मोठं काम जादा’ असं सांगतात. मला ही विभागणी पटत नाही. किरकोळ कशाला म्हणायचं यावर दोन माणसांचं एकमत होत नाही, आणि किरकोळ काम सहाशे फोटोंवर केलं की ते किरकोळ राहत नाही. त्यापेक्षा फोटोत जे खटकतं आहे ते कुणामुळे आलं, हे विचारावं. माझ्या कॅमेऱ्यामुळे, माझ्या दिव्यामुळे किंवा माझ्या हलगर्जीपणामुळे आलं असेल तर ते मी दुरुस्त करून देणं लागतो, मग त्याला तास लागो की दोन तास. जागेमुळे, गर्दीमुळे, घटकाभरच्या योगायोगाने आलं असेल तर त्याला लागणाऱ्या वेळेचे पैसे व्हावेत. आणि ते त्या माणसाच्या अंगाचाच भाग असेल, तर पैशांच्या आधी त्या माणसाची परवानगी लागते.

उजेडापासून सुरुवात करतो, कारण माझं बहुतेक काम तिथेच जातं. दुपारच्या मुहूर्ताला पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली ऊन गाळून येतं तेव्हा सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पिवळी छटा चढते. डोळ्यांना ती तिथे जाणवत नाही, मेंदू ती वजा करतो. कॅमेरा करत नाही. मी फोटो रॉ फाईलमध्ये काढतो. नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर चांगल्या कॅमेऱ्याच्या १४ बिट रॉमध्ये १६ हजारांहून अधिक. त्यामुळे ही छटा मागाहून काढता येते आणि एका फोटोवर घेतलेला निर्णय त्याच मांडवातल्या पुढच्या पन्नास फोटोंना लावता येतो. प्रत्येक फोटोचा उजेड, रंगाचा तोल, वाकडी चौकट सरळ करणं, कडेचं नको ते कापणं, अंधारातला दाणेदारपणा कमी करणं, हे तुमच्या हाती येणाऱ्या एकूण एक फोटोवर केलेलं असतं आणि त्याचा वेगळा पैसा नाही.

दोन उजेड एकत्र आले की काम अवघड होतं. सजावटीचे हॅलोजन सुमारे ३२०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेड देतात. व्हिडिओवाल्याच्या हातातला एलईडी ५६०० च्या आसपासचा, उन्हासारखा पांढरा. नवरीचा एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर दिसतो. पिवळा गाल बरोबर केला की दुसरा अधिकच निळा पडतो, शेजारी बसलेल्या गुरुजींचं पांढरं उपरणंही निळं होतं. मग चेहऱ्याचा तेवढाच भाग वेगळा आखून त्याचा रंग वेगळा सांभाळावा लागतो. हा उजेड मी लावलेला नव्हता, तरी उजेड ओळखणं हाच माझा धंदा असल्याने अल्बममध्ये जाणाऱ्या फोटोंवर हे काम मी पॅकेजमध्येच धरतो. एक गोष्ट मात्र कुणालाही जमत नाही. संगीताच्या स्टेजवर नुसते लाल किंवा गडद निळे एलईडी लावले की त्या उजेडात बाकीचे रंग जवळपास नसतातच. पैठणीचा हिरवा किंवा त्वचेचा मूळ रंग कॅमेऱ्यात नोंदलाच जात नाही. जे नोंदलं गेलं नाही ते परत आणता येत नाही. असा फोटो फार तर कृष्णधवल करून वाचवता येतो. डेकोरेटरला ‘स्टेजच्या समोरून साधा पांढरा उजेड ठेवा’ एवढं एक वाक्य आधी सांगितलंत, तर मागाहून कितीही पैसे मोजून मिळणार नाही ते मिळतं.

आता मिटलेल्या डोळ्यांकडे येतो. स्टेजवर पंचवीस माणसं उभी करून काढलेल्या फोटोत एकाचे तरी डोळे मिटणार, हे काल-परवा फोटोग्राफी शिकलेल्यालाही माहीत असतं. असे फोटो मी जुळवून काढतो, लोकांना थांबवतो, ‘इकडे बघा’ म्हणतो. तेव्हा एका पाठोपाठ पाच-सहा फोटो घेऊन ठेवणं ही माझी जबाबदारी आहे. एकात मामांचे डोळे मिटले असतील तर पुढच्या फोटोतले उघडे डोळे आणून बसवणं मी जादा काम मानत नाही. कॅमेरा हलला नसेल, माणूस जागचा सरकला नसेल, तर हे पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं. चष्म्याच्या काचेवरची पांढरी चमकही तशीच. उभं करून काढलेल्या फोटोत ती माझ्या फ्लॅशने आली, मी चष्मा किंचित खाली कलवायला सांगायला हवं होतं. ती मी काढून देतो. पण कन्यादान चालू असताना वडिलांच्या चष्म्यात मागची एलईडी भिंत उमटली, तर त्या क्षणी त्यांना ‘मान वळवा’ म्हणणं हे माझं काम नव्हे. विधी थांबवून फोटो काढणाऱ्यांबद्दल मला मुळीच आदर नाही. तिथली चमक काढायची तर वेळेचे पैसे पडतील, कारण काचेआडचा डोळाच दिसत नसतो आणि तो दुसऱ्या फोटोतून शोधून आणावा लागतो.

चेहऱ्यांबाबत माझा नियम सोपा आहे. पंधरा दिवसांनी जे चेहऱ्यावर नसेल ते मी आपणहून काढतो. जे कायमचं आहे ते राहू देतो. लग्नाच्या आदल्या रात्री उठलेली पुटकुळी, मुंडावळ्यांच्या दोऱ्याचा कपाळावरचा वळ, होमाच्या धुराने पसरलेलं काजळ, घामाची चमक, कानामागे राहिलेली हळद, हे सगळं जातं. तीळ, जुनी खूण, कोडाचा डाग, हनुवटीवरचा टाक्याचा व्रण यांना मी सांगितल्याशिवाय हात लावत नाही. हे काम तुम्ही अल्बमसाठी निवडलेल्या फोटोंवर होतं, सगळ्या फोटोंवर नाही. साधारण तीस शीटच्या अल्बमात शंभर-सव्वाशे फोटो बसतात. तेवढ्यांवर, एका फोटोला दहाएक मिनिटं, हे पॅकेजमध्ये आहे. मुखपृष्ठ आणि भिंतीवर लावायचे दोन मोठे फोटो यांना मी घड्याळ लावत नाही.

सगळ्याच फोटोंवर का नाही, असा आक्षेप येतो, आणि तो योग्य आहे; एवढे पैसे मोजल्यावर प्रत्येक फोटो तयार मिळावा असं वाटणारच. पण हिशेब करून पाहा. हळद, लग्न आणि रिसेप्शन मिळून तुमच्या हाती सुमारे सहाशे फोटो येतात. उजेड आणि रंगाच्या कामाला एका फोटोमागे सरासरी मिनिटभर धरलं तर दहा तास होतात. त्याच सहाशे फोटोंवर दहा-दहा मिनिटं चेहऱ्यांचं काम केलं तर सहा हजार मिनिटं, म्हणजे शंभर तास. रोज आठ तास बसलं तरी बारा-तेरा दिवस, एकाच लग्नाचे. हा खर्च पॅकेजमध्ये घालता येईल, पण मग तो प्रत्येक घराला भरावा लागेल. ज्यांना पंगतीतल्या काकांच्या कपाळावरचा घाम पुसून नको आहे त्यांनाही. ज्याला हवं त्याने, हवं त्या फोटोपुरतं द्यावं, हे मला अधिक न्याय्य वाटतं. माझा दर अर्ध्या तासाला चारशे रुपये आहे. काम हाती घेण्याआधी किती वेळ लागेल ते मी लिहून कळवतो, आणि माझा अंदाज चुकून जास्त वेळ लागला तर वरचे पैसे मागत नाही.

या दरात प्रत्यक्ष काय होतं ते एका नेहमीच्या फोटोवरून सांगतो. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट खाली आला, वधू-वरांनी एकमेकांकडे पाहिलं, वरून अक्षता पडताहेत. सबंध लग्नातला हाच फोटो सगळ्यांना हवा असतो, आणि नेमका त्याच क्षणी कुणाचा तरी हात मोबाईल धरून मध्ये येतो आणि नवरदेवाचा खांदा झाकतो. ‘तेवढा हात काढून टाका’ हे ऐकायला सोपं वाटतं. पण हात काढला की त्याच्या मागे काय दाखवायचं? तिथे खांदा आहे, शेल्याची जर आहे, हाराची दोन फुलं आहेत. आणि यातलं काहीच या फोटोत नाही, कारण हातामुळे ते टिपलंच गेलेलं नाही. ते आधीच्या किंवा नंतरच्या फोटोतून आणावं लागतं. त्या फोटोत नवरदेव दोन बोटं पुढे झुकलेला असतो, जरीची घडी वेगळी पडलेली असते, उजेड जरा निराळा असतो. खांदा आणून बसवला, सावली जुळवली, की अक्षता उरतात. हातावरून पडणारे दाणे ठेवायचे, दुसऱ्या फोटोबरोबर आलेले पुसायचे, नाहीतर एका कोपऱ्यात अक्षतांचा ढीग आणि शेजारी रिकामी पट्टी दिसते. एका सरळ रेषेत अचानक थांबलेली जर किंवा दोनदा उमटलेलं तेच फूल दिसलं, की काम घाईत झालंय हे समजावं. नीट करायला दीड तास लागतो, म्हणजे बाराशे रुपये. आणि आजूबाजूच्या एकाही फोटोत तो खांदा मोकळा नसेल, तर मी हे काम घेत नाही. अंदाजाने रंगवलेला खांदा मोबाईलवर खपून जातो, बारा बाय अठरा इंचाच्या छापात खपत नाही.

मागच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, छताचा पंखा, कार्यालयाच्या नावाची पाटी, साडीच्या विसकटलेल्या निऱ्या, ब्लाउजची दिसणारी पट्टी, ही सगळी याच हिशेबात येतात. भिंत एकरंगी असेल तर दहा मिनिटांत होतात, मागे फुलांची झालर असेल तर तासभर लागतो. हयात नसलेल्या आजोबांना कुटुंबाच्या फोटोत बसवा, अशी मागणीही पुष्कळ घरांतून येते. त्यामागची ओढ मला समजते. मी ते काम करतो, पण त्यांचा चांगला मोठा फोटो लागतो, आणि उजेड निदान त्याच बाजूने आलेला असावा लागतो. समोरून फ्लॅश मारलेला पासपोर्टचा चेहरा स्टेजवरच्या माणसांत कधीच मिसळत नाही. शिवाय असा फोटो मी अल्बमच्या वेगळ्या पानावर ठेवतो, विधींच्या फोटोंत घालत नाही. तीस वर्षांनी अल्बम चाळणाऱ्या नातवंडांना आजोबा लग्नाला होते असं वाटू नये.

‘मोबाईलमधलं ॲप हेच काम चुटकीसरशी करतं’, असं तरुण मंडळी म्हणतात. ॲप चेहरा गुळगुळीत करतं, हे खरं. पण त्वचेचा पोत आणि त्वचेवरचा डाग यांतला फरक ते पाळत नाही. नाकपुडीजवळची छिद्रं, ओठावरची बारीक लव, कपाळाची रेघ, सगळं एका पातळीवर येतं. नथीची तार गालावर टेकते तिथे बुजते, मुंडावळ्यांचे मोती कपाळात विरतात. मी पोत तसाच ठेवून फक्त डागाचा रंग आजूबाजूच्या त्वचेशी जुळवतो. आणखी एक अडचण अल्बमातच कळते. ॲप प्रत्येक फोटोचा वेगळा निर्णय घेतं, त्यामुळे समोरासमोरच्या दोन पानांवर तीच मुलगी दोन रंगांची दिसते.

आता ज्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते बोलतो. ‘मुलीला थोडी गोरी करा’ ही विनंती जवळजवळ प्रत्येक लग्नघरातून येते, बहुधा हळू आवाजात, आणि बहुधा मुलीच्या पाठीमागे. ठरलेल्या पैशांत हे नाहीच, आणि जादा पैसे देऊनही मी हे परस्पर करत नाही. कामाच्या बाजूनेच पाहिलं तरी यातून फोटो बिघडतो. त्वचा, सोनं, झेंडू आणि हळद हे सगळे रंग संगणकाला नारिंगी-पिवळ्याच्या जवळपास एकाच पट्ट्यात दिसतात. तो पट्टा उजळला की चेहऱ्याबरोबर ठुशी फिकी पडते, तोरणाचा झेंडू पांढुरका होतो, पाटल्यांचं सोनं पितळेसारखं दिसतं. फक्त चेहरा वेगळा आखून उजळला तर हात सावळेच राहतात, आणि मेंदीचे हात गालाजवळ आणून काढलेल्या फोटोत तो फरक लपत नाही. गोरं केलेला चेहरा राखाडी दिसायला लागला, कुंकू गुलाबी झालं, डोळ्यांचा पांढरा भाग आणि गाल एकाच उजळपणाचे दिसू लागले, की छपाईआधीच ओळखावं.

याच्या उलट दिशेचं काम मात्र मी आनंदाने आणि विनामूल्य करतो. मेकअपच्या काही बारीक पावडरींवर फ्लॅश पडला की चेहरा पिठासारखा पांढरा उमटतो, गळा आणि हात मूळ रंगाचे राहतात, गळ्यावर आदल्या दिवशीच्या हळदीची पिवळी झाकही असते. अशा वेळी मी हाताचा रंग प्रमाण मानतो आणि चेहरा त्याच्याशी जुळवून खाली आणतो. हात उजळवून चेहऱ्याशी जुळवत नाही. तो पांढरेपणा माझ्या फ्लॅशने उठून दिसला, म्हणून त्याची दुरुस्ती माझ्याकडे लागते. मुलीचा सावळा रंग माझ्या कॅमेऱ्याने आणलेला नाही, तो तिचा आहे. दुरुस्त करायला तिथे दोषच नाही.

यावर उत्तर येतं की पैसे आम्ही देतोय, फोटो आमचे आहेत, तुम्ही कोण ठरवणार? फोटो तुमचे आहेत, हे मला पूर्ण मान्य आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ हेच सांगतं: मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणून अल्बममधल्या फोटोंच्या रॉ फाईल कुणी मागितल्या तर मी अडवत नाही, फक्त हार्ड डिस्क तुमची. पण काढून घेणारा बहुधा बाप किंवा मोठा भाऊ असतो, आणि फोटोतला चेहरा मुलीचा. कायद्याने कागदाची मालकी ठरते. चेहरा कसा दिसावा हे वडिलांनी ठरवावं असं त्यातून निघत नाही. त्यासाठीच माझ्या करारात एक ओळ असते: कुणाच्याही त्वचेचा रंग, कायमची खूण किंवा शरीराची ठेवण बदलायची असेल तर त्या व्यक्तीने स्वतः मला सांगावं. मुलीने स्वतः म्हटलं की हनुवटीवरचा व्रण नको, तर तो जातो, एकही प्रश्न न विचारता, ठरलेल्या पैशांतच. नवऱ्या मुलाने स्वतः म्हटलं की पोट थोडं आत घ्या, तर तेही होतं, वेळेच्या दराने, कारण पोट आत घेताना मागची खांबाची रेघ वाकते आणि ती सरळ करावी लागते. रंग उजळायला मात्र मी मुलीला आधी दोन छाप काढून दाखवतो, एक जसा आहे तसा आणि एक उजळलेला, दोन्ही अल्बमच्या कागदावर. मोबाईलचा पडदा स्वतः उजेड देतो, कागद देत नाही, त्यामुळे निवड कागदावरच व्हावी. दोन्ही पाहून तिने ठरवावं, आणि ते ठरताना खोलीत शक्यतो ती एकटी असावी.

तेव्हा बोलणीला बसाल तेव्हा एवढं करा. अल्बमचे फोटो निवडण्यासाठी घरातल्या एका माणसाचं नाव कळवा. ज्या फोटोत काही काढायचं-घालायचं असेल त्याचा नंबर आणि काय हवं ते लिहून पाठवा. वेळ आणि पैसे मी लेखी कळवेन आणि तुमचा होकार आल्याशिवाय हात लावणार नाही. आणि स्वतःच्या चेहऱ्याबद्दल काही सांगायचं असेल तर वधू-वरांनी मला थेट फोन करावा, कुणामार्फत निरोप पाठवू नये.



आपला,
एक लग्नाचा फोटोग्राफर